पिवळ्याचा पिवळोबा

गोरेगाव, ता. सेनगाव
१२ डिसेंबर २०२४

प्रतिक्षाबाई,

हे पत्र मी बोलून राहिले आणि शेजारची पद्मा लिहून राहिली. पद्मा म्हणजे अंगणवाडीची पद्माबाई. मागच्या साली निवृत्त झाली, पण समोरच्याला "हाताची घडी" म्हणायची सवय गेली न्हाई. मी "काहून" म्हणलं की ती "का" लिहिते. मी त्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय लिहिलंस? ती म्हणते, काकू, तुम्हाला वाचता येत न्हाई, मग कळलं कसं? म्हणलं, मी लांब बोलले आणि तू आखूड लिहिलंस. तेव्हापासून बराबर लिहून राहिली.

फोन काहून न्हाई केला म्हणशील. फोनवर माझा आवाज आला की तुझी रेवा पलंगाखाली जाते, हे तू तुझ्या बापाला सांगितलंस. त्यानं मला सांगितलं न्हाई. पण तो मागच्या अंगणात उभा राहून मोठ्यानं "पलंगाखाली?" म्हणाला, आणि मी अंगणातच होते.

मागच्या मार्चात लेकरू आलं, मला पाहून किंचाळलं, दोन दिवस तुझ्या ओढणीत तोंड घालून राहिलं आणि गेलं. पाच वर्षांची माझी पणती. नाव तर माझंच ठेवलंस तिला. रेवा म्हणजे नर्मदाच, हे मी कीर्तनात ऐकलंय. येत्या हळदीच्या काढणीला तिनं यावं आणि माझ्याजवळ बसावं, एवढंच माझं मागणं आहे. वय अठ्ठ्याहत्तर झालं, मागण्या कमी केल्यात. कागदाला आवाज नसतो, म्हणून कागदावर बोलते.

आता तू लिहिलेली गोष्ट. पाकीट आलं, पद्मानं दोन दुपारी वाचून दाखवली. पुनम नावाची पोरगी, तिचं वासरू हरवतं, ती शोधत डोंगराकडं जाते, तिथं राक्षस भेटतो. लोक त्याला भितात, पण तो चांगला असतो. इथवर बरं. पण राक्षस कसा? लाल डोळे, सुळे, नखं, जटा, गळ्यात हाडांची माळ. सगळा बाजार एकाच अंगावर! पद्मा जीव तोडून वाचत होती आणि मला डुलकी लागली. सगळं दिसल्यावर भ्यायला उरलं काय?

भीती कशी येते ते सांगते. हळदीचं पान लेकराच्या डोक्याच्या वर जातं. वारं नसताना एकाच जागची पानं हालली की पाय तिथंच रोवतात. मग ते हालणं चार हात पुढं सरकतं. बस. पहिल्या दिवशी एवढंच दाखव. मग वाटेवर हात उमटलेला दिसू दे. पाय न्हाई, हात. सुपाएवढा. मग आवाज. मग वास. अंग सगळ्यात शेवटी. त्याचं अंग लेकरू आपल्या मनात तुझ्यापेक्षा मोठं करतं, त्याला करू दे.

दुसरं असं की नवव्या पानावर कोण एक म्हातारा येतो आणि सांगतो, पोरांनो, हा राक्षस मनानं चांगला आहे. त्याला कोणी सांगितलं? आणि ठाऊक होतं तर आठ पानं काहून गप्प बसला? त्याला काढून टाक. दुसऱ्यानं सांगून कोणाची भीती गेली का? तू रेवाला किती येळा सांगितलंस, आजी चांगली आहे म्हणून?

तुझी आजी,
नर्मदाबाई

(खाली पद्माचा नमस्कार. ती म्हणते शुद्धलेखनाला ती जबाबदार न्हाई.)


पुणे
२६ डिसेंबर २०२४

ती. आजीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. म्हाताऱ्याला काढला. आमच्या संपादक बाईंचंही तेच म्हणणं होतं, फक्त त्यांना ते सांगायला दोन पानं लागली. त्यांना पूर्ण गोष्ट फेब्रुवारीच्या शेवटी हवी आहे. पुस्तक सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुलं घाबरली पाहिजेत, पण पुस्तक बंद करून पळाली नाही पाहिजेत. ते माप मला सापडत नाहीये.

राक्षस बदलला. सुळे, जटा, माळ, सगळं गेलं. आता तो हळदीच्या वावरात झोपतो, म्हणून अंगानं पिवळा. धुक्यातून येतो. गावातल्या दारांवर सकाळी त्याचा पिवळा पंजा उमटलेला असतो. आवाज खरखरीत आहे आणि एकच शब्द येतो: "खाऊ!" असं म्हणून गुरगुरतो. नाव ठेवलंय पिवळोबा. गावातले लोक त्याला दगड मारतात आणि तो बिचारा एकही दगड परत मारत नाही, नुसता रडतो. हे लिहिताना मलाच रडू आलं.

हा मला सुचला कुठून, ते विचारू नकोस. असाच सुचला.

रेवा बरी आहे. शाळेत तिनं फुलपाखराचं गाणं म्हटलं. हळदीच्या सुट्टीचं अजून काही ठरत नाहीये, यांच्या ऑफिसचं बघावं लागेल. तू हट्ट करू नकोस आणि थंडीत अंगणात बसू नकोस.

तुझी,
प्रतिक्षा


गोरेगाव
८ जानेवारी २०२५

प्रतिक्षाबाई,

जावईबापूंचं ऑफिस मध्ये आलं म्हणजे मला कळायचं ते कळलं. पण ते राहू दे. मी हट्ट करत न्हाई, वाट पाहते. दोन्हींत अंतर आहे. पद्मा म्हणते न्हाई.

आधी नाव. पिवळोबा म्हणलीस आणि सगळा घोळ केलास. खंडोबा, म्हसोबा, बिरोबा. नावाला "बा" लागला की माणूस नारळ घेऊन जातो, पळून जात न्हाई. तू पहिल्याच पानावर त्याला बा लावलास, म्हणजे शेवट सांगून मोकळी झालीस. गावानं त्याला पिवळ्या म्हणावं. "पिवळ्या आला, दार लावा!" असं. आणि बा कोणी लावायचा ते तू ठरवू नको. गोष्टीतल्या पोरीला लावू दे, तिच्या तोंडून आपोआप निघाला तर. न निघाला तर तुझी गोष्ट अजून झालेली न्हाई असं समज.

मग त्याचं रडणं. इतका गरीब राक्षस? आमची म्हैस दोनदा हाकललं की तिसऱ्यांदा शिंग दाखवते. ज्याची काहीच चूक न्हाई त्याला गाव भितं, म्हणजे सगळं गाव मूर्ख झालं. आम्ही गावचे लोक मूर्ख न्हाई. भ्यायला थोडं तरी खरं कारण पाहिजे. त्यानं कुंपण मोडलेलं असू दे. कोणाची उभी हळद तुडवलेली असू दे, आणि तुडवलेली म्हणजे तुडवलेली, ती मागून नीट होत न्हाई. आणि वासराचं सांग. वासरू त्याच्याकडं कसं गेलं? आपण होऊन गेलं असेल, पण त्यानं परत काहून न्हाई आणून दिलं? मला वाटतं, त्याला सोबत आवडली. ठेवून घेतलं. ही त्याची चूक. चूक आहे, पण राक्षसाची न्हाई, एकट्या माणसाची आहे. अशी चूक दे त्याला.

आता सगळ्यात मोठं. पद्मानं वाचलं, "खाऊ! असं म्हणून तो गुरगुरला." मी म्हणलं, थांब. गुरगुरला असं कोण म्हणतं? पुनम म्हणते का गोष्ट सांगणारी म्हणते? पद्मा म्हणते, गोष्ट सांगणारी. मग ती गोष्ट सांगणारी खोटं बोलली. तो जर वाईट नसेल तर तो गुरगुरला न्हाई. पोरगी चुकू शकते, सांगणारीनं चुकायचं न्हाई. "धुक्यातून आवाज आला" एवढं लिही. मग लेकरू दुसऱ्यांदा गोष्ट ऐकेल तेव्हा म्हणेल, अरे, हिनं आपल्याला फसवलं न्हाई, आपणच फसलो. त्याचा त्याला आनंद होईल. खोटं सांगून फसवलंस तर राग येईल.

तशीच प्रत्येक खूण दोन तोंडांची पाहिजे. दारावरचा पंजा: गाव म्हणतं, घरं हेरून राहिला. त्याच्या बाजूनं काय आहे? तू ठरवलंच न्हाईस, मला दिसलं. नुसता भ्यायला पंजा उमटवलास. आधी त्याच्या बाजूनं सगळी गोष्ट तू मनात पुरी कर, तो उठला कधी, गेला कुठं, त्याला पाहिजे काय. मग त्यातलं अर्धं पुनमला दिसू दे.

आणि माप विचारलंस. घाबरवल्यावर लेकराच्या हाताला काही धरायला दे. पुनमच्या हातात दोरी असू दे, वासराची. आणि दर दोन भ्यायच्या जागांमध्ये एक शिंकणारी शेळी असू दे. शेळी शिंकली की लेकरू हसतं, हसलं की पुढचं पान स्वतः उलटतं.

काल दुपारी बाजेवर पडले होते. डोळा लागला. पाहते तर हळदीच्या वावरात तो बसलेला, पाठमोरा. पानं त्याच्या खांद्यापर्यंत, आणि त्याच्या पाठीवर ऊन सांडलेलं, जसं परातीत सांडतं. मी म्हणलं, कोण रे? तो वळायला लागला. पान न पान त्याच्याबरोबर वळलं. तोंड दिसायच्या आत तुझ्या बापानं पंप चालू केला. तोंड कसं आहे त्याचं, प्रतिक्षा? तू कुठंच लिहिलं न्हाईस.

नर्मदाबाई


पुणे
२२ जानेवारी २०२५

ती. आजीस,

संपादक बाईंना "दोन तोंडांची खूण" इतकी आवडली की त्यांनी ती फळ्यावर लिहून ठेवली आहे. नाव मात्र त्यांनी स्वतःचं लावलं नाही, तुझंच लावलं.

पिवळ्याच्या बाजूनं सगळी गोष्ट लिहून काढली, वेगळ्या वहीत. पुस्तकात त्यातलं काही जाणार नाही, पण आता मला कळतं तो काय करतोय. त्याला माणसांची सोबत हवी आहे. तो पहाटे डोंगरावरची बोरं तोडतो आणि एकेका दाराशी ओंजळभर ठेवतो. दार वाजवायचं माहीत नाही, म्हणून तळवा टेकवतो. लोकांना पंजा दिसतो. उंबऱ्याजवळची बोरं पोरांनी सांडली असं वाटतं. आणि वासरू बोरं खात खात त्याच्या मागे गेलंय. कुंपण त्यानं मोडलं, तीन वाफे तुडवले, आणि वासरू ठेवून घेतलं. हे सगळं त्याच्याकडे तसंच ठेवलंय. "गुरगुरला" काढलं. शेळी दोनदा शिंकते.

शेवट असा केलाय: कयाधूला पूर येतो, गाव अडकतं, पिवळ्या सगळ्यांना खांद्यावरून पलीकडे नेतो. मग गाव त्याची माफी मागतं आणि त्याला आपलं म्हणतं. शेवट बाईंनाही बरा वाटला.

तोंडाचं विचारलंस म्हणून सोबत चित्र पाठवते. चित्रकाराचं कच्चं काम आहे, पक्कं नंतर होईल. पद्माकाकूंनाही दाखव.

सुट्टीचं अजून कळलं नाही.

प्रतिक्षा


गोरेगाव
२ फेब्रुवारी २०२५

प्रतिक्षे,

आज मी पद्माला सांगितलं, जसं बोलते तसं लिही, मध्ये काही बोलू नको. ती आज बोलत न्हाई.

पुराचं आधी सांगते, ते सोपं आहे. पूर आला म्हणून गावानं त्याला आपलं म्हणलं. न येता तर? तर पिवळ्या दगडच खात बसला असता का? कामाला आला म्हणून चांगला, हे कसलं चांगलं? ते तर ट्रॅक्टरलाही म्हणतात. आणि कयाधूला पूर आणणं तुझ्या हातात आहे, माझ्या न्हाई. माझ्याजवळ लेकरू बसावं म्हणून मी कुठला पूर आणू?

काढ तो पूर. पुनमनंच काहीतरी करावं. लहान, तिच्या हाताएवढं. आणि ते करताना तिला भीती वाटत असावी. भीती जायची वाट पाहत बसली तर ती कधीच जाणार न्हाई.

आता चित्र.

मला अक्षर येत न्हाई, चित्र येतं. पद्मा म्हणाली, वा, काय छान काढलंय चित्रकारानं. पद्मेनं तीस वर्षं लेकरांच्या हातात खडू दिले, तिलाही कळलं होतं, मला बरं वाटावं म्हणून बोलली. तुझा चित्रकार खडू मुठीत धरतो. पिवळा खडू पार संपेपर्यंत घासतो. डोळे मोठे काढतो. कानाच्या पाळ्या खांद्यापर्यंत काढतो. तोंडात एकही दात काढत न्हाई. आणि हनुवटीवर तीन हिरवे ठिपके देतो. एक खाली, दोन वर.

मी हनुवटीला हात लावला. आठ वर्षांची होते तेव्हा गोंदलं, जत्रेत. इतकी वर्षं झाली, अजून तिथंच आहेत.

मी रागावले न्हाई. म्हणजे रागावले, पण चित्रावर न्हाई. चित्र खरं आहे. त्या दिवशी मी हळद शिजवायच्या मोठ्या कुकरजवळून उठले होते. कोपरापर्यंत पिवळी, तोंड धुरानं काळं, मागून वाफेचा लोट. लेकरू जीपमधून उतरलं आणि त्याच्या समोर वाफेतून मी निघाले. मी असते तर मीही पळाले असते.

पण एक सांगते. काल पद्माला म्हणलं, तो शब्द पुन्हा वाच. तिनं वाचला, "खाऊ!" शाळेतल्यासारखा, जोरात. म्हणलं, हळू वाच. "खाऊ." म्हणलं, आणखी हळू, ओठातल्या ओठात, दात नसल्यासारखा. तिनं वाचला, आणि मला ती दुपार दिसली. तिळाचा लाडू होता माझ्या मुठीत. तिच्यासाठी सकाळपासून राखलेला. हळद लागू नये म्हणून मूठ पाठीमागं धरली होती. आणि मी म्हणलं होतं, "ये, खाऊ." दुसरं काही न्हाई.

तिनं काय ऐकलं, प्रतिक्षा? तुला ठाऊक होतं का?

माझीही चूक सांगते, राक्षसाला चूक पाहिजे म्हणणारी मीच. ती किंचाळली तेव्हा मी आधी हसले. मोठ्यानं. आणि मग मला राग आला. एवढ्याशा लेकराचा राग. दोन दिवस मी तिच्याकडं पाहिलं न्हाई, मुद्दाम. लाडू कोंबडीला टाकला. हे मी कोणाला सांगितलं न्हाई. आज पद्माला कळलं, ती लिहिता लिहिता थांबली आहे.

आता मी ठरवलंय. हिंगोलीला जाऊन कवळी करून घेते. यंदा हळदीला हात लावणार न्हाई, तुझ्या बापाला सांगितलं. डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत ओढून घेईन. आवाज लहान करेन. तू तिला सांग की पणजी बदलली.

नर्मदा


पुणे
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजी,

हो. मला ठाऊक होतं. अर्धं.

पुण्याला परत येताना जीपमध्ये रेवा मला म्हणाली होती, "ती मला खाणार होती. तिनं सांगितलं." मला वाटलं, लहान मूल काहीही म्हणतं. मग तिनं ती चित्रं काढायला सुरुवात केली, एकामागून एक, आणि मी त्यातून पुस्तक काढलं. चेहरा लिहिला नाही, कारण तुला वाचून दाखवलं जाणार हे माहीत होतं. आणि मग चित्रच पाठवून बसले. तुला अक्षर येत नाही म्हणून तुझ्यापासून लपेल असं मला वाटलं. याची लाज वाटते.

अर्धं म्हणाले, कारण लाडू मला माहीत नव्हता. तुझं पत्र वाचून रेवाला विचारलं, "खाऊ म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "आम्ही खाऊ, तू खा, तो खाईल." शाळेत शिकवलं तसं. आजी, आमच्या घरात तो शब्द कधी आलाच नाही. टिफिन आला, स्नॅक आला, चॉकलेट आलं. खाऊ म्हणजे मोठ्यांनी लहानांच्या हातावर ठेवायची वस्तू, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तू "घे" म्हणत होतीस आणि तिला "खाते" ऐकू येत होतं.

पूर काढला. शेवट पुन्हा लिहिला. पुनम धुक्यात उभी आहे, हातात दोरी. वासराची घंटा जवळच वाजते आहे. (मेलेल्या वासराची घंटा वाजत नाही, हे वाचणाऱ्याला कळतं, भ्यालेल्या पुनमला कळत नाही.) धुक्यातून आवाज येतो: खाऊ. त्या शब्दापुढे मी काहीच ठेवलं नाही. उद्गारचिन्ह नाही, प्रश्नचिन्ह नाही. नुसता शब्द, ओळीत एकटा. तुझ्या आवाजाला चिन्ह देणारी मी कोण?

पुनमला वाटतं, हा मला खाणार. मग वाटतं, हा भुकेला असेल. ती भीत भीत कमरेला बांधलेली अर्धी भाकरी काढून पुढे धरते. तो भाकरी घेत नाही. त्याची मूठ हळूच उघडते, आणि आत बोरं असतात. तेव्हा तिला दाराशी सांडलेली सगळी बोरं आठवतात. ती एक बोर उचलते. खाते. बी थुंकते. मग म्हणते, "माझं वासरू दे, पिवळोबा." तो बा मी लावला नाही, आजी. लिहिताना हात तिथं पोचला आणि तो आधीच तिथं होता.

वासरू तो देतो, पण मान खाली घालून. तुडवलेले वाफे तसेच आहेत. गाव अजून त्याला पिवळ्याच म्हणतं. पुनम एकटी पिवळोबा म्हणते. एवढाच शेवट आहे.

हे मी रेवाला वाचून दाखवलं, तुझ्याबद्दल काही न सांगता. "खाऊ"ला ती माझ्या कुशीत शिरली. मूठ उघडली तेव्हा बाहेर आली. म्हणाली, मागचं पान पुन्हा वाच. तिनं मला चार वेळा मागे नेलं. मग म्हणाली, "पणजीच्या मुठीत काय होतं?"

मी सांगितलं.

तू दात करतेयस आणि हळदीला हात लावणार नाहीस हेही सांगितलं. त्यावर तिनं मला कागद घ्यायला लावला. खालचं सगळं तिचं आहे, मी फक्त लिहिते आहे. तिलाही अजून अक्षर येत नाही.

"पणजी, तू दात लावू नकोस. दात लावले तर मग तू दुसरी होशील आणि मला परत भीती वाटेल. हात पिवळे कर. ठिपके झाकू नको, मला ते मोजायचे आहेत, मी चित्रात बरोबर काढले का. मी येणार आहे. पण तू लांब बसायचं. उठायचं नाही. ये म्हणायचं नाही. हसायचं नाही, हळू हसलं तर चालेल. मी स्वतः येईन. मधे थांबेन पण. आई म्हणते तू रागावली होतीस. मी पण रागावले होते. शेळी आहे का तुझ्याकडे?"

आम्ही १ मार्चला, शनिवारी येतो. दुपारपर्यंत पोचू.

तुझी,
प्रतिक्षा


गोरेगाव
२२ फेब्रुवारी २०२५

रेवाबाई,

हे पत्र तुला आहे, तुझ्या आईनं फक्त वाचायचं, मध्ये रडायचं न्हाई. पद्माला मी तेच सांगितलं होतं, तिनं ऐकलं न्हाई, म्हणून वरची ओळ पुसट झाली आहे.

तुझ्या सगळ्या अटी कबूल.

कवळी झाली होती. डॉक्टरनं आरसा दाखवला, आरशात एक बाई दात काढून माझ्याकडं पाहत होती, मीच दचकले. ती आता डब्यात आहे, डब्याचं झाकण घट्ट आहे.

हळद शिजायला लागली. मी आजपासून कुकरजवळ बसते. तुझा आजोबा म्हणतो, आता काहून, तू तर हात लावणार नव्हतीस. म्हणलं, मला हुकूम आलाय. शनिवारपर्यंत कोपराच्या वर जाईल रंग.

शेळी आपल्याकडं न्हाई. गावातल्या जळबाकडं आहे. त्याला विचारलं, ती शिंकते का? तो माझ्या तोंडाकडं पाहतच राहिला. देतो म्हणाला दिवसभरासाठी.

आणि बसायची जागा पाहून ठेवली. अंगणाच्या पार टोकाला, वाळत घातलेल्या हळदीच्या पलीकडं, बाज टाकली. जीप थांबते तिथून बाजेपर्यंत पद्मा चालून आली, तुझ्याएवढी लहान पावलं टाकत. एक्याऐंशी भरली. मधे थांबायला तिनं दोन जागा काढल्या, एक पाण्याच्या टाकीजवळ, एक लिंबाच्या सावलीत. तिथून मी पूर्ण दिसते आणि पळायला वाट मोकळी राहते. पद्मा चालत असताना मी न उठायचा सराव केला. पहिल्या खेपेला उठलेच. दुसऱ्या खेपेला पाय उठले, मी खाली बसवले. आज पाचव्या खेपेला बसून राहिले.

तू वाटलं तर टाकीपर्यंतच ये आणि परत जा. तेवढंही चालतं. दुसऱ्या दिवशी लिंबापर्यंत ये. न्हाई आलीस तरी मी तिथंच असेन. ऊन फिरलं तर पद्मा बाज सावलीत सरकवेल, मी बाजेवरच. ये म्हणणार न्हाई. मूठ मात्र मांडीवर ठेवीन, समोर, उघडी. आत काय आहे ते तुला लांबूनच दिसेल.

तू थांबलीस की मीही थांबेन. कितीही वेळ थांब. मला कुठं जायचंय?

तुझी पणजी,
नर्मदा